वहीची मागची पानं

कळवणच्या बसस्थानकाजवळ माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. जूनमध्ये शाळेचे दाखले, कांद्याच्या दिवसांत सातबारा आणि वर्षभर बायोडाटा. बायोडाट्याचे दोन नमुने माझ्या कॉम्प्युटरवर कायम तयार असतात, एक लग्नाचा आणि एक नोकरीचा. नोकरीच्या नमुन्यात शेवटी चार शब्द आधीच टाईप केलेले होते: मेहनती, प्रामाणिक, जिद्दी, मिळून काम करणारा. मुलगी असली की शेवटच्या शब्दातलं एक अक्षर बदलायचं. पंधरा वर्षांत या चार शब्दांवर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

उन्हाळी कांद्याची लागवड चालू होती तेव्हाची गोष्ट. चणकापूर धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या एका पाड्यावरून एक मुलगी आली. वय सत्तावीस. आश्रमशाळेत शिकलेली, पुढं बी.ए. केलेली, कॉलेजात असताना पाच हजार मीटर पळायची. तिच्या पिशवीत लॅमिनेट केलेली प्रमाणपत्रं होती, फडक्यात गुंडाळलेली पदकं होती आणि सगळ्यांच्या खाली शंभर पानी वह्यांचा गठ्ठा होता.

"काका, दोन जागांना अर्ज करायचाय," ती म्हणाली. "एक बियाण्याच्या कंपनीत, फील्ड असिस्टंटची जागा आहे, कळवण आणि सुरगाणा तालुक्यांसाठी. दुसरी नाशिकला एका खासगी अकादमीत, धावण्याच्या प्रशिक्षकाच्या हाताखाली. बायोडाटा एकच करा, प्रती दोन काढा."

मी नेहमीसारखं टाईप केलं. नाव, पत्ता, शिक्षण, मग स्पर्धांच्या नऊ ओळी: जिल्हा प्रथम, विभाग द्वितीय, राज्य रौप्यपदक, आंतरविद्यापीठ सहभाग, असं खाली खाली. शेवटी माझे चार शब्द. प्रिंट निघाली तेव्हा अण्णा बाकावर बसले होते. अण्णांनी मालेगावपासून सुरगाण्यापर्यंत तीस वर्षं बियाणं आणि औषधं विकली. आता निवृत्त आहेत, सकाळचा पेपर माझ्याकडे वाचतात. नोकरीत असताना त्यांनी पुष्कळ पोरांच्या मुलाखती घेतल्या होत्या. त्यांनी कागद मागून घेतला, वाचला आणि विचारलं, "पोरी, यातून मला काय कळलं सांगू का? तू फार जोरात पळायचीस. एवढंच. मला पळणारी नकोय, मला बियाणं विकणारी पाहिजे. आता?"

तिच्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याकडेही नव्हतं.

"राज्य रौप्यपदक," अण्णांनी ओळीवर बोट ठेवलं. "कुठल्या वर्षी? कुणी भरवलेली स्पर्धा? किती जणी पळाल्या? वेळ किती लागली?"

तिनं सगळं तोंडपाठ सांगितलं. चौदा जणी पळाल्या होत्या, वेळ १८ मिनिटं ४ सेकंद.

"मग हे कागदावर का नाही? पदक म्हणजे त्या दिवशी तुझ्या पुढं एकच होती, एवढंच कळतं. मागं कोण होतं, तू कुठून कुठं आलीस, ते पदकात दिसत नाही. तुमच्यात कविता राऊतचं नाव घेतात ना? तिचा २०१०चा बायोडाटा तू कसा लिहिशील?"

आपल्या जिल्ह्यातल्या पाड्यांवर धावणाऱ्या कुठल्याही मुलीला हे झोपेतून उठवून विचारलं तरी येतं. ती म्हणाली, "दिल्लीला राष्ट्रकुल स्पर्धा, दहा हजार मीटर, कांस्य. ग्वांगझूला आशियाई स्पर्धा, दहा हजार मीटर, रौप्य."

"आता वेळ सांग."

"दिल्लीला ३३ मिनिटं ५ सेकंद. ग्वांगझूला ३१ मिनिटं ५१ सेकंद. सोनं एका सेकंदाच्या आत गेलं."

"दोन्हींत अंतर किती दिवसांचं?"

"दीड महिना."

"म्हणजे दीड महिन्यात सव्वा मिनिटाच्या आसपास कमी! कांस्य आणि रौप्य एवढंच लिहिलं असतं तर हे मला दिसलं असतं का?"

इथं ती पहिल्यांदा त्यांना अडवून बोलली. "पण अण्णा, या दोन वेळा अशा सरळ शेजारी ठेवता येत नाहीत. मोठ्या स्पर्धेत पदकासाठी पळतात, वेळेसाठी नाही. पंचवीस फेऱ्यांपैकी बऱ्याच फेऱ्या सगळ्या एकमेकींचा अंदाज घेत काढतात. पुढची कुणी जोर लावते का, यावर मागचीची वेळ ठरते. हवा वेगळी, ट्रॅक वेगळा. सुधारणा बघायची तर सारख्या परिस्थितीतल्या वेळा घ्याव्या लागतात."

अण्णांनी चष्मा काढला. "हे जे आत्ता बोललीस, ते त्या अकादमीसाठी तुझ्या नऊच्या नऊ ओळींपेक्षा जड आहे. बियाण्याच्या कंपनीला मात्र त्याचा काडीचा उपयोग नाही. म्हणून बायोडाटे दोन लागतील. पिशवीत खाली काय आहे?"

त्या सरावाच्या वह्या होत्या. रोज पळून आल्यावर ती लिहायची: किती अंतर, किती फेऱ्या, प्रत्येक फेरीला किती सेकंद, पाय कसे होते, झोप किती झाली. ज्या वर्षी राज्याचं रौप्य आलं त्या वर्षाची वही अण्णांनी उघडली आणि मला कॅल्क्युलेटर घ्यायला सांगितला. आम्ही तिघं दुपारभर ती वही मोजत बसलो. मधे गिऱ्हाइकं येऊन गेली, पण मला सुट्या पैशांचंही भान नव्हतं.

चौतीस आठवडे, आठवड्याला सहा सराव, म्हणजे ठरलेले २०४. त्यांतले पूर्ण झालेले १८७. जून महिन्यातल्या चाचणीत पाच हजारला १९ मिनिटं १० सेकंद लागली होती, जानेवारीच्या चाचणीत, त्याच मैदानावर, १८ मिनिटं ८ सेकंद. राज्य स्पर्धेत त्यातून आणखी चार सेकंद गेले. चारशे मीटरचा ट्रॅक असला की पाच हजारला साडेबारा फेऱ्या होतात. म्हणजे चाचणी ते चाचणी एका फेरीला तिनं पाच सेकंद कमी केले, आणि त्या पाच सेकंदांना आठ महिने लागले.

राहिलेले सतरा सराव अण्णांनी एकेक करून शोधले. पाच दिवस ताप. चार दिवस पुलावरून पाणी. सहा दिवस परीक्षा. आणि दोन दिवशी, दोन वेगळ्या महिन्यांत, एकच वाक्य: "आज गेले नाही. कंटाळा केला." दोन्हींच्या दुसऱ्या दिवशीची नोंद भल्या पहाटेची होती.

त्या वाक्यावर अण्णा बराच वेळ थांबले. तिला वाटलं, आता बोलणी बसणार. ती घाईनं म्हणाली, "ते पान नका धरू अण्णा."

"पोरी, तीस वर्षं माझ्या हाताखाली फिरतीवरची पोरं होती," अण्णा म्हणाले. "रोज संध्याकाळी रिपोर्ट यायचा: आठ दुकानदारांना भेटलो, चार शेतकऱ्यांच्या बांधावर गेलो. निम्मे रिपोर्ट चहाच्या टपरीवर बसून लिहिलेले असायचे. ते पकडायला कंपन्या किती पैसा घालवतात, तुला कल्पना नाही. फिरतीच्या धंद्यात माल न विकणाऱ्या माणसानं एवढं नुकसान होत नाही, न गेलेल्या ठिकाणी गेलो म्हणून सांगणाऱ्यानं होतं. त्याच्या खोट्या आकड्यावर पुढच्या हंगामाचा माल मागवला जातो, तो दुकानात पडून राहतो आणि मुदत संपली की परत येतो. जिला कुणी विचारणारं नव्हतं तिनं स्वतःच्या वहीत 'कंटाळा केला' असं लिहिलंय. तिचा रिपोर्ट मी डोळे मिटून घेतला असता."

मग ते माझ्याकडे वळले. "तुमचा तो 'प्रामाणिक' शब्द काढा. आता त्याची गरज नाही."

मी शब्द काढला. 'मेहनती'ही गेला, कारण १८७ हा आकडा आता तिथं होता. 'मिळून काम करणारी' यावर ती स्वतःच म्हणाली, "मी एकटीनं पळायचे काका. ते खरं नाही." तेही गेलं. 'जिद्दी' मला ठेवावासा वाटत होता. अण्णा म्हणाले, जिद्दी आहे की नाही हे वाचणाऱ्याला ठरवू द्या.

कंपनीसाठीच्या कागदावर आता ओळ अशी झाली: "आठ महिन्यांत पाच हजार मीटरची चाचणी-वेळ १९:१० वरून १८:०८. ठरलेल्या २०४ पैकी १८७ सराव पूर्ण. रोजची लेखी नोंद, चुकलेल्या प्रत्येक दिवसाच्या कारणासह. वह्या उपलब्ध." पदकांच्या नऊ ओळींच्या दोन झाल्या, वर्ष आणि स्पर्धा भरवणाऱ्या संघटनेच्या नावासह. सहभागाला सहभागच लिहिलं. यावर अण्णांचा फार कटाक्ष होता. आंतरविद्यापीठला नुसतं 'राष्ट्रीय खेळाडू' लिहिणारी मुलं त्यांनी पाहिली होती, आणि मुलाखतीत प्रमाणपत्र मागितलं की त्यांचा चेहरा कसा पडतो तेही. सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या पाच टक्के राखीव जागांना तर क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयाकडून प्रमाणपत्राची पडताळणीच होते. खासगीत पडताळणी कमी, पण एकदा शंका आली की बाकीच्या खऱ्या ओळीही तिच्याबरोबर बुडतात.

"पण एक अडचण आहेच," अण्णा म्हणाले. "हे सगळं वाचून मालक म्हणेल, नेमाची आहे, खरी आहे. पण ही कुणाच्या दारात जाऊन पैसे मागू शकेल का? धावण्यात ते येत नाही. विक्रीचा अनुभव तुला शून्य."

ती गप्प झाली. मी सहज म्हणून वही उलटी केली. मागच्या पानांवर पेन्सिलीनं रकाने आखलेले होते. दुकानांची नावं, पुढं आकडे, काहींपुढं फुली.

"हे काय?"

तिनं वही ओढून घेतली. "काही नाही. ते नको." चेहरा उतरला. मग हळूहळू सांगितलं. राज्य स्पर्धेला जायला गाडीभाडं नव्हतं, स्पाइकचे बूट नव्हते. ती एकटी कळवणच्या बाजारपेठेत दुकानादुकानांत गेली होती. तेवीस दुकानं. कुणी उभं केलं नाही, कुणी उद्या ये म्हणाला. नऊ जणांनी दिले, सगळे मिळून ११ हजार ४०० रुपये. "भीक मागितल्यासारखं वाटलं होतं. घरी आईलाही सांगितलं नाही कुठल्या दुकानांत गेले ते."

"परत आल्यावर काय केलंस?" अण्णांनी विचारलं.

"हिशेब दाखवला. नऊही जणांना. बुटाची पावती, गाडीचं तिकीट. ६५० रुपये उरले होते, ते ज्यांनी जास्त दिले होते त्यांना परत द्यायला गेले. त्यांनी घेतले नाहीत. पदक मात्र सगळ्यांच्या हातात देऊन आले."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी नऊपैकी सात जणांनी परत दिले. दोन नवीन मिळाले."

अण्णा उठून उभे राहिले. मी त्यांना असं उठताना कधी पाहिलं नव्हतं. "ज्याचं नावही कुणी ऐकलं नाही असं बियाणं घेऊन नवीन पोरगा तेवीस दुकानांत गेला आणि नऊ दुकानदारांनी माल ठेवला, तर मी त्याला पेढे दिले असते! आणि पुढच्या हंगामात सात जणांनी तोच माल परत मागवला, तर त्याला मी दुसऱ्या कंपनीत जाऊच दिलं नसतं. पहिल्यांदा माल गळ्यात मारणारे खूप असतात ग. दुसऱ्यांदा त्याच दारात ताठ मानेनं जाता येणं, याला विक्री म्हणतात. आणि तू म्हणतेस भीक?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी पाण्याचा ग्लास पुढं केला आणि कीबोर्डकडे बघत राहिलो. त्या तेवीस दुकानांच्या यादीत माझं दुकान होतं. नावापुढं फुली होती.

ओळ तिनं सांगितली, मी टाईप केली: "राज्य स्पर्धेसाठी कळवण बाजारपेठेतल्या २३ दुकानदारांना स्वतः भेटून ९ जणांकडून ११,४०० रुपये उभे केले. खर्चाचा लेखी हिशेब प्रत्येकाला दिला. पुढील वर्षी ९ पैकी ७ जणांनी पुन्हा मदत केली." अण्णांनी ती कागदाच्या वरच्या बाजूला, शिक्षणाच्याही आधी घ्यायला लावली. खाली दुचाकीचा परवाना आणि कोकणी बोली येते हे लिहिलं. सुरगाण्याकडच्या पाड्यांवर फिरायचं तर पदकापेक्षा बोली जास्त कामाची, असं अण्णांचं मत, आणि मला ते पटतं.

दुसरा कागद, अकादमीचा, दुसऱ्या दिवशी केला. तिथं अण्णा म्हणाले, "यातलं मला कळत नाही, तूच सांग." ती घरून विचार करून आली होती. तिचं म्हणणं असं की प्रशिक्षकाच्या बायोडाट्यात स्वतःची वेळ वर असूच नये. स्वतः चांगलं पळणं आणि दुसऱ्याला पळायला शिकवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अकादमीला आपल्या हाताखालच्या मुलींचं काय झालं ते कळायला हवं.

तीन वर्षांपासून ती पाड्याजवळच्या माळावर पहाटे मुलींना शिकवत होती, पैसे न घेता. सुरुवातीला चौदा मुली, आता नऊ. मी 'नऊ मुलींना प्रशिक्षण' असं लिहायला लागलो तर तिनं थांबवलं. "चौदापैकी नऊ लिहा. गेलेल्या पाचही जणींचं मला माहीत आहे. तिघींची घरं द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडला जातात, त्या दिवाळीनंतर नसतातच. एकीचं लग्न झालं. एक माझ्यामुळं गेली. मी पहिल्याच महिन्यात तिला मोठ्या मुलींबरोबर पळवलं, ती कंटाळून घरी बसली. त्यानंतर मी नवीन मुलींचा गट वेगळा केला."

आणखी एक जागा होती जिथं ती अडखळली. तिच्या स्वतःच्या स्पर्धांमध्ये एक वर्ष रिकामं होतं. नडगीच्या हाडाला बारीक तडा गेला होता. डांबरी रस्त्यावर पळणं, झिजलेले बूट, आणि स्पर्धा जवळ आली म्हणून आठवड्याचं अंतर एकदम वाढवणं. सुरुवातीला पळताना दुखायचं आणि थांबलं की राहायचं, म्हणून तिनं अंगावर काढलं. मग चालतानाही दुखायला लागलं, हाडावर एका बोटाएवढ्या जागी दाबलं की कळ यायची. पाच महिने बंद. "हे वर्ष कसं झाकायचं?" तिनं विचारलं.

झाकायचं नाही असं ठरलं. "दुखापतीमुळं एक वर्ष स्पर्धेबाहेर. त्यानंतर प्रशिक्षण देताना मुलींचं साप्ताहिक अंतर टप्प्याटप्प्यानं वाढवणे, आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती, डांबरी रस्ता टाळणे. तीन वर्षांत नडगीच्या दुखण्यानं एकाही मुलीचा हंगाम वाया गेलेला नाही." ही ओळ लिहिल्यावर तिनं विचारलं, नशिबानंही झालं असेल, तरी लिहू का? मी म्हटलं, जे झालं तेच लिहिलंयस, का झालं याचा दावा केला नाहीस. तरी तिनं 'वाया गेलेला नाही'च्या आधी 'आजवर' घातलं.

कागदाच्या शेवटी काय नाही तेही आलं. तिच्याकडे बी.पी.एड. नव्हतं, म्हणून शाळेतल्या क्रीडाशिक्षकाची वाट बंद. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही केलेला नव्हता. तो 'करायचा आहे' एवढंच लिहिलं. 'करत आहे' लिहू, असं मी सुचवलं होतं. तिनं मान हलवली आणि मी गप्प बसलो.

अकादमीतल्या मुख्य प्रशिक्षकांनी तिला चौदापैकी पाच कुठं गेल्या तेच विचारलं, आणि तिनं पाचही जणींचं सांगितलं. पण जागा मिळाली नाही. प्रमाणपत्र झालेला दुसरा मुलगा होता. तिचा कागद त्यांनी ठेवून घेतला. कंपनीत साहेबांनी विचारलं, "विक्रीचा अनुभव?" तिनं वही उलटी करून मागचं पान समोर ठेवलं. साहेब रकाने बघत राहिले आणि म्हणाले, "या फुल्या कुणाच्या?" ती म्हणाली, "ज्यांनी दिले नाहीत त्यांच्या. त्यांच्याकडे पुढच्या वर्षी पुन्हा गेले होते." सहा महिन्यांच्या परीक्षणावर तिला घेतलं.

मार्चअखेरीस कांदा काढणीला आला, चाळी भरायला लागल्या. ती आता मोटारसायकलवर फिरते. पहाटे माळावर मुली, नऊ वाजता रस्त्याला. आठवड्याचा रिपोर्ट कंपनीला मोबाइलवर जातो, पण सहीची एक प्रत ती शनिवारी माझ्याकडे काढते. परवा प्रिंटचं बटण दाबायच्या आधी सवयीनं मी वरून खाली नजर फिरवली आणि हात थांबला.

गुरुवार. ठरलेल्या भेटी ८, झालेल्या ५. दोन दुकानं बंद. तिसऱ्या ठिकाणी गेले नाही, कंटाळा केला.

"हे असंच ठेवायचं?" मी विचारलं. "परीक्षणाचा काळ आहे तुझा."

"असंच ठेवा काका," ती हेल्मेटचा पट्टा लावत म्हणाली. "खालची ओळ बघा ना."

शुक्रवार. ठरलेल्या भेटी ९, झालेल्या ९. पहिली भेट, सकाळी दुकान उघडताना, कालच्या राहिलेल्या ठिकाणी.